खतखड्ड्याच्या पत्राबद्दल कॅन्टीनवालीचं उत्तर

प्रश्न : मी नववीत आहे. शाळा कोकणात आहे. कॅन्टीनच्या कचऱ्यासाठी आवारात खतखड्डा करावा असं पत्र मुख्याध्यापकांना लिहायचं आहे. पत्रात काय काय लिहू?

आधी 'खड्डा' हा शब्द खोड. मी सिंधुदुर्गातल्या एका शाळेचं कॅन्टीन चालवते आणि असं एक पत्र आमच्याकडे मंजूर झालेलं बघितलंय. मुलीचं अक्षर मोत्यासारखं, पर्यावरणावर दीड पान. कचरा रोज किती निघतो हे मात्र तिला कुणी विचारायला सांगितलं नाही, आणि मलाही कुणी विचारलं नाही.

खड्डा मारला एप्रिलात, कॅन्टीनच्या मागे उताराच्या पायथ्याशी. खाली जांभा. पहारीने कसाबसा तीन फूट गेला. मी विज्ञानाच्या सरांना तिथेच सांगितलं, "सर, हंय खड्डो नको, पावसात पाणी भरतला." सर म्हणाले, जांभा सच्छिद्र असतो काकी, पाणी मुरून जाईल. पण आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जमीन एकदा भिजून गच्च झाली की पाणी मुरणार कुठे? उलट उतारावरचं झिरपून खड्ड्यातच येतं. मृगाच्या पावसातच उसळ, भात, केळीच्या साली सगळं तरंगायला लागलं. हवा मिळाली नाही की कचरा कुजत नाही, सडतो. सडक्या अंड्यासारखा वास आठवीच्या वर्गापर्यंत गेला. आणि स्टाफरूममध्ये ठरलं काय, तर कॅन्टीनच्या तेलाने घाण झाली!

तेल कुजायला जड असतं, मान्य. पण माझ्या बादलीत वडे तळलेलं तेल नव्हतंच, उसळीची तर्री होती. दोष पाण्याचा होता.

दिवाळीनंतर मी घरचे उरलेले चिरे आणून जमिनीवरच तीन हौद रचले, प्रत्येक तीन फूट लांब, रुंद आणि उंच. मातीने सांधले नाहीत, हवेसाठी चिऱ्यांत बोटभर फटी ठेवल्या. तळाला काटक्या, वर जुने पत्रे, आणि ते असे तिरके की पागोळी हौदापासून लांब पडेल. आमच्या शाळेत रोज साधारण दहा लिटरची एक बादली ओला कचरा निघतो. त्यावर दोन बादल्या चुरलेला सुका पातेरा. कचरा बसत जातो, म्हणून एक हौद भरायला दीडेक महिना लागतो. पहिला भरला की दुसरा, मग तिसरा; तिसरा भरेपर्यंत पहिल्याला तीन महिने मुरायला मिळतात. आठवड्यातून एकदा फावड्याने खालचं वर करायचं.

बरोबर चाललंय की नाही हे नाकाला कळतं. डोळ्यांत चुरचुरणारा वास आला तर पातेरा कमी पडलाय. मूठभर घेऊन पिळावं, बोटांतून एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर आणखी पातेरा, काहीच आलं नाही तर तांब्याभर पाणी. मध्ये लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळाने काढावी. ती हाताला चटका देईल इतकी तापली की समजावं, आत काम चालू आहे.

खरी अडचण पातेऱ्याची. आंबा-काजूखाली तो उन्हाळ्यात हवा तेवढा असतो, जूननंतर भिजून लगदा होतो. म्हणून पत्र जानेवारीत दे आणि पावसाळ्यापुरता पातेरा मेअखेर गोण्यांत भरून पत्र्याखाली ठेवायची परवानगी त्याच पत्रात माग. नारळाची सोडणं टाकू नका, वर्षानुवर्षं तशीच राहतात.

पत्रात चारच गोष्टी हव्यात : रोजचा कचरा किती (आठवडाभर बादल्या मोजून), जागा कुठे (विहिरीपासून लांब, उंचवट्यावर), चिरे-पत्रे कुठून येणार, आणि रोज कोण टाकणार. असं काहीतरी :

"कॅन्टीनच्या मागील उंचवट्यावर चिऱ्यांचे तीन हौद, वर पत्र्याचे छप्पर, अशी परवानगी मिळावी. रोजची बादली नववीचे विद्यार्थी टाकतील. मे महिन्याच्या सुट्टीत हौद झाकलेले राहतील."

वरचा-खालचा मायना मराठीच्या बाईंना विचार, तो मला जमत नाही. खाली कॅन्टीनवालीची सही घे. सही मागायला जाशील तेव्हा ती सांगेल की प्लॅस्टिकचे चमचे बादलीत कोण टाकतं.

तुमची शाळा चढावर असेल आणि खड्ड्यावर पक्कं छप्पर असेल, तर खड्डाही चालेल कदाचित. वसतिगृहातली मासळी असेल तर ती हौदाच्या मधोमध पुरा, नाहीतर कुत्री पत्रे पाडतात. आमच्या सरांचं विचाराल, तर ते अजून म्हणतात की आमचं खत त्यांनी दिलेल्या पुडीतल्या जिवाणूंमुळे झालं. ती पुडी माझ्या कपाटात आहे, न फोडलेली.