पुस्तक मिटलं की रामरक्षा अडते

"माझं वय ५४. रामरक्षा सहा महिने रोज ऐकते. पुस्तक समोर असलं की येते, मिटलं की चौथ्या श्लोकापुढे काही आठवत नाही. आता या वयात पाठ होणारच नाही का?"

ताईंना मी आधी विचारलं, औषधं, गॅस, भेटायच्या वेळा विसरता का? तसं असतं तर मी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. मग मोबाइलवर रामरक्षा लावायला सांगितली. त्या छान म्हणत होत्या, पण प्रत्येक शब्द गाणाऱ्याच्या अर्धं अक्षर मागे. "घ्राणं पातु"शी मी आवाज बंद केला, आणि त्याही थांबल्या. सहा महिने ओळखण्याचा सराव झाला होता, आठवण्याचा नाही.

म्हणून ऐकण्याची पद्धत उलटी केली. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, पुढची ओळ स्वतः म्हणायची आणि मगच रेकॉर्डिंगशी ताडून पाहायची. चुकलं तरी आधी म्हणायचंच.

सुरुवात अडलेल्या जागेपासूनच केली. "शिरो मे राघवः पातु"पासून "रामोऽखिलं वपुः"पर्यंत अकरा ओळींचं कवच आहे. त्यात अवयव डोक्यापासून पायाकडे उतरतात, म्हणून म्हणताना त्या-त्या जागी हात न्यायचा. प्रत्येक अवयवासोबत येणारी रामाची नावंही बहुतेक रामकथेच्याच क्रमाने येतात. दशरथाचा मुलगा, यज्ञ राखणारा, धनुष्य मोडणारा, मग सीतापती, पुढे सुग्रीव, सेतू, रावणवध. हे कळल्यावर ताई म्हणाल्या, "अहो, ही तर गोष्टच आहे!"

रोज फार तर दोन ओळी. पण खरी अडचण ओळीत नसते, सांध्यात असते. वेदपाठशाळेत क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा असे शब्द जोडीने म्हणतात. आम्ही तेच ओळींना लावलं. आजचा पाठ कालच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करायचा. उजळणीची रीत मात्र कुराण पाठ करणाऱ्यांकडून घेतली. त्यांच्याकडे रोजचा नवा धडा म्हणजे सबक, अलीकडचा म्हणजे सबकी आणि जुना म्हणजे मंजिल, आणि तिन्ही रोज होतात. ताईंची मंजिल भाजी निवडताना व्हायची.

आठव्या दिवशी त्या "करौ सीतापतिः"वरून थेट "सुग्रीवेशः"वर गेल्या. हृदय, पोट, नाभी सगळं गळलं. हाताने ते पकडलं, कारण हातावरून तो एकदम कमरेवर गेला होता. मग मधूनच कुठलाही अवयव विचारून परीक्षा घ्यायची ठरलं. सुरुवातीपासूनच म्हणता येत असेल तर पाठांतर अजून कच्चं आहे.

कवच बारा दिवसांत झालं. पुढच्या फलश्रुतीला मात्र महिना लागला, कारण तिथे ना अवयव आहेत ना कथा. "रामो राजमणिः"ने पुन्हा हात दिला. त्यात राम शब्द विभक्तींच्या क्रमाने चालतो, आणि ताईंना शाळेतलं "रामः रामौ रामाः" अजून तोंडपाठ होतं.