परदेशी कोटेशनमधल्या तारखा आणि आकडे

पहिलंच कोटेशन परदेशी पाठवताय ना, मग आधी तारीख सांभाळा. 05/04/2025 म्हणजे आपल्याकडे ५ एप्रिल, अमेरिकेत ४ मे. 25/04/2025 ला असा घोळ होत नाही, कारण पंचविसावा महिनाच नसतो. म्हणून नुसता २५ तारखेचा नमुना बघून समाधान मानू नका, चूक पहिल्या बारा तारखांतच दडते.

मजकुरात महिना अक्षरात लिहा: 5 April 2025. फाइलच्या नावात 2025-04-05. फायली तारखेनुसार आपोआप लागतात, हा वर फायदा.

आता आकडे. ग्राहक जर्मन असेल तर जास्तच जपा, तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब.

- आपलं 1,50,000 बाहेरच्यांना टायपो वाटतं, आणि 150,000 जर्मन माणूस दीडशे वाचू शकतो. मोकळी जागा सोडा: INR 150 000. वर्डमध्ये ती Ctrl+Shift+Space ने द्या, म्हणजे ओळीच्या टोकाला आकडा तुटत नाही.
- सव्वा किलोसाठी 1.250 kg लिहिलंत तर तिथे साडेबाराशे किलो होतात! सरळ 1250 g लिहा.

लाख-कोटी हे शब्द मात्र भारतातल्या कोटेशनपुरतेच ठेवा.