एसजीपीए काढताना श्रेयांक विसरू नका

ग्रेड पॉइंटांची सरळ सरासरी काढू नका. प्रत्येक विषयाचे पॉइंट आधी त्याच्या श्रेयांकांनी गुणा आणि आलेल्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागा. यूजीसीच्या दहा गुणांच्या श्रेणीत O म्हणजे 10, A+ म्हणजे 9, A म्हणजे 8 आणि B म्हणजे 6. समजा, चार श्रेयांकांच्या दोन विषयांत A+ आणि B, तीन श्रेयांकांच्या विषयात A आणि एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकात O मिळाला, तर 36, 24, 24 आणि 10 मिळून 94 होतात. त्यांना 12 ने भागल्यावर एसजीपीए 7.83 येतो. सरळ सरासरी मात्र 8.25 दाखवते, कारण तिथे लहानशा प्रात्यक्षिकालाही मोठ्या विषयाइतकेच वजन मिळते. B ऐवजी F आला, तर पॉइंट शून्य धरावेत, पण भाजकातले ते चार श्रेयांक वगळू नयेत, उत्तर 8.75 नव्हे, 5.83 येते.