पेटी विकली की सोर्सची जबाबदारी येते

भाऊ, गुंतवणूकदाराच्या वकिलाची ओपन सोर्स लायसन्सबद्दलच्या प्रश्नांची यादी आली म्हणून लगेच सगळ्या लायब्ररी मोजत बसू नको. आधी गिऱ्हाइकाच्या हातात काय जातं ते पाहा. वरुडच्या संत्रा बागांत तुम्ही ठिबक सिंचन चालवणारी कंट्रोलर पेटी बसवता, तिच्यात लिनक्स आणि BusyBox हा छोट्या कमांडांचा संच आहे. दोन्ही जीपीएल 2 या ओपन सोर्स लायसन्सखाली येतात. पेटी विकली की प्रत वाटली असं धरतात. मग त्याच बिल्डचा पूर्ण सोर्स, बिल्ड स्क्रिप्टांसह, सोबत द्यायचा, नाहीतर किमान 3 वर्षं मागेल त्याला तो देण्याची लेखी हमी पेटीसोबत ठेवायची. तुमचा सिंचनाचा प्रोग्राम वेगळा चालत असेल, तर तो खुला करावा लागत नाही. लिनक्स कर्नलमध्ये बदल केले असतील, तर ते द्यावेच लागतात.

आता खरी तपासणी. पेटीवर हे चालव:

```
uname -r
busybox | head -1
```

आलेल्या आवृत्त्या तुमच्याकडच्या सोर्सशी जुळव. मग कोऱ्या लॅपटॉपवर तोच सोर्स बिल्ड करून पाहा. घोडं बहुतेक इथंच अडतं: बोर्डवाल्याने नुसती तयार इमेज दिलेली असते, सोर्स नाही. 'त्याचं तो बघेल' हे चालत नाही, कारण विकणारे तुम्ही. त्याला आजच लेखी मागणी कर. जीपीएल 2 मध्ये अट मोडली की वाटपाचा हक्कच संपतो, म्हणून वकील याच ओळीवर बोट ठेवतो. सर्व्हरवर नुसता चालणारा जीपीएल कोड या भानगडीत येत नाही, पण जीपीएलचाच सर्व्हरसाठीचा कडक प्रकार एजीपीएल दिसला तर मला दाखव.