औषधविभाग प्रमुखांना अर्ज लिहिताना

प्रिय मुली,

रुग्णालयाच्या औषधविभाग प्रमुखांना पाठवायचा तुझा अर्ज दोनदा वाचला. ‘मी नोंदणीकृत फार्मासिस्ट असून मला डिस्पेन्सिंगचा तीन वर्षांचा अनुभव आहे आणि कोणत्याही पाळीत काम करण्याची माझी तयारी आहे,’ एवढेच त्यात आहे, आणि या तिन्हींपैकी एकही गोष्ट वाचणाऱ्याला पडताळून पाहता येत नाही. जे पडताळता येईल तेच लिही.

परवान्याचे काम तीन तपशिलांत संपते: नोंदणी क्रमांक, नोंदणी करणाऱ्या परिषदेचे नाव आणि वैधतेची शेवटची तारीख. तुझी मुदत दोन महिन्यांनी संपते म्हणून तू तारीख गाळलीस, हे मला कळले. पण रुजू करून घेताना मूळ प्रमाणपत्र मागतातच. नूतनीकरणाचा अर्ज आधी भर आणि तो कोणत्या दिवशी भरला हेही लिही.

अनुभवाबाबत मात्र मला तुझा राग आला. तीन वर्षांपैकी २८ महिने तू बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर होतीस आणि ८ महिने आंतररुग्णांसाठी, २४ तासांची औषधे रुग्णनिहाय लावून वॉर्डात पाठवण्याच्या कामावर. ही दोन वेगळी कामे आहेत. खिडकीवर रुग्ण समोर असतो, त्याला विचारता येते. वॉर्डाच्या ऑर्डरमागचा रुग्ण दिसत नाही, तिथे वजन, किडनीचे रिपोर्ट आणि आधीपासून चालू असलेली औषधे कागदावरूनच पाहावी लागतात. प्रमुखांना नेमके हेच जाणून घ्यायचे असते, आणि तू दोन्ही एका आकड्यात मिसळून टाकलेस.

आणि मेथोट्रेक्सेटची गोष्ट कुठे आहे? संधिवाताच्या रुग्णाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे २.५ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, ‘रोज’ असे लिहून आले होते. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच देतात आणि रोज दिले तर रक्तपेशी घटून जिवावर बेतते, हे ओळखून तू गोळ्या काढण्याआधी डॉक्टरांना फोन केलास, लेखी दुरुस्ती घेतलीस आणि पाकिटावर घेण्याचा वार लिहिलास. हे मला फोनवर सांगताना तुझा आवाज खुलला होता, पण अर्जात त्यावर एक ओळही नाही. रुग्णाचे नाव न देता ही घटना चार वाक्यांत लिही: काय आले, काय खटकले, कोणाला विचारले, काय बदलले. जे पडताळता येईल ते म्हणजे हेच.

मी एवढे टोचून बोलतो, कारण माझ्या पहिल्या अर्जात मी ‘सर्व प्रकारच्या डिस्पेन्सिंगचा अनुभव’ असे लिहिले होते आणि प्रत्यक्षात फक्त खिडकी पाहिली होती. दुसऱ्याच आठवड्यात मला रात्रपाळीला एकट्याला बसवले. मॉर्फिनच्या नोंदवहीत शिल्लक २४ अँप्युल होती. आधीच्या पाळीचा सहकारी घाईत होता, आणि अनुभवी माणसाने मोजत बसणे बरे दिसणार नाही, या भीतीने मी न मोजता सही केली. सकाळी २३ भरली. वॉर्डाला दिलेल्या एका अँप्युलची नोंद राहिली होती, ती दोन दिवसांनी सापडली. तोवर चौकशीत उत्तरे मीच दिली, कारण सही माझी होती. ‘मी हे काम केलेले नाही, शिकवा’ असे अर्जात लिहिले असते, तर त्या रात्री मोजायला मला लाज वाटली नसती. पुढे मी तसेच लिहू लागलो आणि त्यामुळे दोन ठिकाणी नकार आला. तरीही मी बरोबर होतो असे मला आजही वाटते. न येणारे काम येते असे सांगून मिळवलेल्या जागेवर त्या रात्री मी बसलेलो होतो.

पाळ्यांबद्दल ‘कोणत्याही’ हा शब्द काढ. सकाळ, दुपार आणि रात्र अशा फिरत्या पाळ्यांची तयारी आहे, हे स्पष्ट लिही. सलग किती रात्री यापूर्वी केल्यास, त्या रात्री एकटी होतीस की दुसरी तपासणी करणारे कोणी सोबत होते, आणि कोणत्या तारखेपासून रुजू होशील, हे लिही. मंगळवारी संध्याकाळी तुझा वर्ग असतो, तो सुटणार नसेल तर तेही आत्ताच सांग. वेळापत्रक लावणाऱ्याला ती अडचण आधी कळली तर तो जागा लावून देतो. नंतर कळली तर दर आठवड्याला कोणीतरी तुझ्याऐवजी सलग दोन पाळ्या करतो, आणि सोळाव्या तासाला इन्सुलिनची मात्रा वाचणारे डोळे त्याचे असतात.

अर्ज एका पानात बसव. रात्रीपर्यंत नवा मसुदा पाठव. मेथोट्रेक्सेटचा परिच्छेद मी आधी वाचेन.

तुझे सर