सिंकिंग फंडाचा आकडा सोळाशेने गुणून बघा

प्रश्न: "जळगावात फ्लॅट आहे, बिल्डरकडून ३२ लाखांना घेतलेला. नोकरी पुण्यात, त्यामुळे फ्लॅट बंदच असतो. एप्रिल आणि जुलैची तिमाही बिलं भरायची राहिली. आता ऑक्टोबरच्या बिलात सर्व्हिस चार्ज ३,०००, पाणी ६००, सिंकिंग फंड २,०००, रिपेअर फंड ६,०००, पार्किंग ९००, शिवाय मागची थकबाकी २५,००० आणि एकूण व्याज १,७७३ असं आलंय. मुदत बिलाच्या महिन्याच्या अखेरपर्यंत आणि व्याज २१ टक्के, असं बिलावर छापलंय. गाडी पुण्यात असताना पार्किंग कसलं? आणि हे व्याज बरोबर आहे का?"

भाऊ, व्याजाकडे नंतर येऊ. तुमच्या बिलातली मोठी गडबड सिंकिंग फंडात दिसतेय.

आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि रिपेअर फंड किमान पाऊण टक्का असतो. बांधकाम खर्च म्हणजे आर्किटेक्टने दाखला दिलेला खर्च. जमिनीची किंमत त्यात धरायची नसते. तुम्ही बिल्डरला दिलेल्या रकमेत मात्र जमीन आहे आणि त्याचा नफाही आहे. म्हणून तिमाही बिलातल्या सिंकिंग फंडाला १,६०० ने गुणायचं, की सोसायटीने कोणत्या रकमेवर पाव टक्का काढला ते समोर येतं. तुमचे २,००० गुणिले १,६०० म्हणजे बरोबर ३२ लाख. करारातली खरेदी किंमतच धरलीय. रिपेअर फंड त्याच्या तिप्पट, म्हणजे तोही त्याच पायावर. (बिल महिन्याचं असेल तर १,६०० ऐवजी ४,८०० ने गुणा.)

तुमच्या फ्लॅटचा दाखल्यातला बांधकाम खर्च १२ लाख आहे असं धरून चालू. पाव टक्का म्हणजे वर्षाला ३,०००, तिमाहीला ७५०. पाऊण टक्का म्हणजे वर्षाला ९,०००, तिमाहीला २,२५०. या दोन ओळी ८,००० वरून ३,००० वर येतात आणि तुमचं १२,५०० चं तिमाही बिल ७,५०० होतं.

पण लगेच सेक्रेटरीशी भांडायला जाऊ नका. हे दर किमान आहेत. सर्वसाधारण सभेने ठराव करून जास्त दर ठरवला असेल तर तो लागू होतो. तसा ठराव आहे की खरेदी किंमतच चुकून धरलीय, हे ओळखायची सोपी खूण सांगतो. तुमच्याच मजल्यावर तेवढ्याच क्षेत्रफळाचा फ्लॅट बुकिंगच्या सुरुवातीला स्वस्तात घेतलेल्या शेजाऱ्याचं बिल मागून बघा. त्याचा सिंकिंग फंड तुमच्यापेक्षा कमी असेल तर खरेदी किंमतच धरली आहे, कारण त्याच इमारतीतल्या सारख्या फ्लॅटचा बांधकाम खर्च सारखाच असतो. कोणी कितीला घेतला याच्याशी या फंडाचा संबंध नाही.

दोन फंडांचं काम वेगळं आहे, हेही बघून ठेवा. आपल्याकडच्या उन्हाने गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग तडकतं, पहिल्याच पावसात वरच्या मजल्याच्या छताला ओल येते, ती दुरुस्ती रिपेअर फंडातून. सिंकिंग फंड इमारत पुन्हा बांधायची वेळ आली किंवा आर्किटेक्टच्या दाखल्यानुसार मूळ ढाच्याचं मोठं काम निघालं तर, आणि तेही सभेच्या ठरावाने. मे महिन्यातल्या टँकरचे पैसे या दोन्हींतून जाता कामा नयेत, तो पाण्याचा खर्च आहे. ताळेबंदात सिंकिंग फंडाची जी रक्कम दिसते, तेवढी ठेव दुसऱ्या बाजूला दिसली पाहिजे. ती नसेल तर तुमचा फंड रोजच्या खर्चात मुरलाय.

पार्किंगचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. जागा तुमच्या नावावर दिलेली असेल तर गाडी तिथे उभी असो वा नसो, सभेने ठरवलेला आकार द्यावाच लागतो. पुण्यात राहता म्हणून तो सुटत नाही. नको असेल तर जागा लेखी परत करा. जागा मिळालेलीच नसेल आणि तरी ही ओळ येत असेल, तर मात्र ती काढायला लावा. फ्लॅट नुसता बंद आहे म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लागत नाही. भाड्याने दिला तरच लागतो, आणि तोही सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांपर्यंतच.

आता व्याज. २१ टक्के ही आदर्श उपविधींतली कमाल मर्यादा आहे, सभेने कमी दर ठरवलेला असू शकतो. मुद्द्याची गोष्ट अशी की हे व्याज सरळ असतं आणि मुदत संपल्यानंतरच सुरू होतं. एप्रिलचं बिल १ मेपासून थकलं. सप्टेंबरअखेर पाच महिने झाले. १२,५०० वर महिन्याला पावणेदोन टक्के म्हणजे २१८.७५, पाच महिन्यांचे १,०९४. जुलैचं बिल १ ऑगस्टपासून थकलं, दोन महिन्यांचे ४३८. एकूण साधारण १,५३१.

तुमचे १,७७३ कसे आले? माझ्या हिशेबाने जुलैच्या बिलात मे-जूनचं ४३८ व्याज लागलं असणार. ते थकबाकीत मिसळून २५,४३८ झाले आणि ऑक्टोबरला त्या पूर्ण रकमेवर पूर्ण तिमाहीचं व्याज, १,३३५, लावलं. दोन्ही मिळून १,७७३. फरक २४२ रुपयांचा आहे. त्यात व्याजावरचं व्याज फक्त २३ रुपये. उरलेले २१९ म्हणजे जुलैच्या बिलावर मुदत चालू असतानाच लावलेलं एक महिन्याचं व्याज. पहिल्या वर्षी असंच दिसतं. पण थकबाकी तीन-चार वर्षं चालली की व्याजावरचं व्याज मोठं होत जातं. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीची मुद्दल आणि व्याज वेगळं ठेवलेलं नसेल तर हे दर तिमाहीला आपोआप घडतं, कोणी मुद्दाम केलेलं नसतं. आणि मुद्दल ७,५०० ठरली तर खरं व्याज अवघं ९१९ होईल.

एक गोष्ट आधी तपासा. आपल्या भागात काही इमारती सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखाली घोषणापत्र केलेल्या अपार्टमेंट असतात, बोलताना सगळे सोसायटीच म्हणतात. तशी असेल तर वरचं पाव-पाऊण टक्क्याचं गणित लागू नाही. सामायिक खर्च घोषणापत्रातल्या तुमच्या हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो आणि व्याजही त्यांच्या स्वतःच्या उपविधींत बघावं लागतं.

सोसायटीच असेल तर सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या आणि तीन कागद मागा: दर ठरवलेल्या सभेचा ठराव, आर्किटेक्टचा बांधकाम खर्चाचा दाखला आणि तुमचा खातेउतारा. पोच घ्या. पुण्याहून स्पीड पोस्टाने पाठवलं तरी चालेल. उत्तर येईपर्यंत पैसे अडवून ठेवू नका. वाद चालू आहे म्हणून व्याज थांबत नाही आणि सोसायटी उपनिबंधकांकडून वसुली दाखला काढू शकते. तिन्ही बिलांची मुद्दल ३७,५०० आणि व्याज १,५३१ ऑक्टोबर संपायच्या आत 'हरकत राखून' असं पत्रात लिहून भरा. फंडाची जादा रक्कम आणि तिच्यावरचं व्याज पुढच्या बिलात वळतं करावं, ही मागणी त्याच पत्रात करा.