गाडीच्या स्क्रीनवर म्युझिक ॲप सारखं बंद का पडतं?

प्रश्न: अँड्रॉइड फोन केबलने गाडीच्या स्क्रीनला जोडलाय, पण म्युझिक ॲप मध्येच बंद पडतं. आधी काय तपासू?

उत्तर: गाणं थांबतं तेव्हा स्क्रीनवर नकाशा चालू राहतो का, ते आधी बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

नकाशाही गेला आणि गाडीचा मूळ मेन्यू आला, तर जोडणीच तुटतेय. अशा वेळी पहिला संशय केबलवर घ्या. चार्जिंग होतंय म्हणजे केबल चांगली, असं नसतं. डेटाच्या तारा वेगळ्या असतात आणि त्या आधी दगा देऊ शकतात. गाडी उभी असताना गाणं लावा आणि फोनकडचा प्लग बोटाने हलकेच हलवा. तेवढ्यानेच जोडणी तुटली तर पोर्टमध्ये टॉर्च मारा. खिशातली लव आत दाबून बसली की प्लग पूर्ण आत जात नाही आणि खड्ड्याच्या धक्क्याने सुटतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती अलगद काढा. पोर्ट स्वच्छ असेल तर डेटा चालणारी, एक मीटरपेक्षा कमी लांबीची चांगली केबल लावून बघा.

नकाशा चालू राहून फक्त गाणं थांबत असेल, तर केबल बदलून पैसे वाया घालवू नका. बॅटरी वाचवण्यासाठी फोनच ते ॲप मागच्या मागे बंद करत असण्याची शक्यता जास्त. Settings > Apps मध्ये ते ॲप उघडा, Battery मध्ये Unrestricted निवडा. काही फोनमध्ये तिथे No restrictions लिहिलेलं असतं. फोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या अँड्रॉइड ऑटो ॲपलाही हेच करा आणि Battery Saver बंद ठेवा.